स्वतःच्या वाक्याचा दाखला

'खरं लिहिलंय ना, मग घाबरायचं कशाला?' असे म्हणणारे लोक आपल्या आसपास खूप आहेत, आणि ते वाईट लोक नाहीत. ज्यांच्या शब्दावर समोरचा सहज विश्वास ठेवतो, त्यांच्या आयुष्यात हे वाक्य खरेच ठरलेले असते. आपल्या वस्तीतल्या पोरांचा अनुभव निराळा आहे. खरे असणे वेगळे आणि खरे ठरणे वेगळे, हे त्यांना लहानपणीच कळते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पडताळणी, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचे बोनाफाईड. आपण जे आहोत ते आहोत, हे कोणाच्या तरी शिक्क्याने पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. या यादीत आता एका नव्या दाखल्याची भर पडते आहे. तो आहे स्वतःच्या वाक्याचा.

हे आम्हाला सुचले ते एका कथेमुळे. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी लहानगा भीमराव साताऱ्याच्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाला. २०१७ पासून महाराष्ट्र सरकार हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या निमित्ताने आमच्या वाचन गटात साताऱ्यात आणि नंतर सांगलीत कॉलेजच्या मुलामुलींनी आपापले लिखाण वाचले. त्यात एका मुलीने ही कथा वाचली. ती अजून कुठे छापलेली नाही. तिच्या परवानगीने कथेचा सारांश इथे देतो. तिचे नाव देत नाही, कारण तिनेच 'नको' म्हटले. त्या 'नको'मध्येही बरेच काही आहे, त्याकडे पुढे येऊ.

कथेतली मुलगी आटपाडी तालुक्यातली. साताऱ्यात वसतिगृहात राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते, कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात पुस्तके लावते. इंग्रजीच्या मॅडमनी अंतर्गत गुणांसाठी इंग्रजीतून निबंध लिहायला दिला आहे, विषय 'माझे गाव आणि पाणी'. मुलगी हरखते, कारण या विषयावर तिच्याकडे सांगण्यासारखे आहे. साताऱ्याच्या बाजूला कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने चढवत आटपाडीच्या माळापर्यंत जाते. म्हणजे पाणी साताऱ्याकडून तिच्या गावाला गेले आणि ती गावाकडून साताऱ्याला आली. ही कल्पना तिची तिला सुचलेली आहे. आजीला फोन करून ती जुने दिवस विचारून घेते. आजी सांगते की गावच्या विहिरीजवळ घागर घेऊन उभे राहायचे, वरच्या आळीतली कोणी बाई येईल आणि वरून पाणी ओतेल तोवर थांबायचे. दोराला हात लावायचा नाही.

मुलगी हे सगळे वहीत लिहून काढते. आधी मराठीत, मग शब्दकोश घेऊन इंग्रजीत. तिचे इंग्रजी साधे आहे. आजी विहिरीजवळ थांबायची. आजी खूप वेळ थांबायची. तिला दोराला हात लावायची परवानगी नव्हती. तीन वाक्ये, तिन्हींची ठेवण एकच: कर्ता, क्रियापद, उरलेले. दहावीला गाईडमधून जसे शिकवले तसे.

निबंध देण्याच्या आदल्या दिवशी वर्गात सूचना येते. सगळे निबंध 'एआय चेक'मधून जातील, वीस टक्क्यांच्या वर आलेल्यांना शून्य. त्या रात्री मैत्रीण झोपल्यावर मुलगी पांघरुणात मोबाईल घेते, एक फुकटची वेबसाईट उघडते आणि आपला निबंध तिथे टाकते. अडुसष्ट टक्के. दुसऱ्या वेबसाईटवर एकोणीस. तिसरीवर एकेचाळीस. तिसरीवर वाक्यांना पिवळा रंगही लागतो, आणि सर्वात गडद पिवळी ओळ आहे दोराला हात लावायची परवानगी नसल्याची.

ती दुरुस्तीला बसते. आधी छोटी वाक्ये जोडून लांब करते. मग इंग्रजी वर्तमानपत्रातून उचललेले दोन अवघड शब्द घालते. एका ठिकाणी मुद्दाम स्पेलिंग चुकवते. आकडा खाली येत जातो. पण ती एक ओळ कशीही फिरवली तरी पिवळीच राहते. पहाटे तीन वाजता मुलगी ती ओळ काढून टाकते. अकरा टक्के. सकाळी आजीचा फोन येतो. 'तू लिवलंस न्हवं? मग भ्या कशाचं?' मुलगी काही बोलत नाही. निबंधाला दहापैकी नऊ गुण मिळतात आणि खाली मॅडमचा शेरा, 'भाषा नैसर्गिक आहे'. इथे कथा संपते.

कथा वाचून झाल्यावर दोन्ही ठिकाणी वाद झाला. काहींचे म्हणणे, मुलीने शेवटी मॅडमकडे जाऊन खडसावायला हवे होते, आपल्या साहित्यात विद्रोह हवा. कथेचा शेवट आहे तसाच बरोबर आहे, असे आमचे मत आहे. नऊ गुण मिळालेली मुलगी तक्रार कशाची करणार? तिचे नुकसान गुणपत्रिकेत दिसतच नाही. ते त्या काढलेल्या ओळीत आहे. विहिरीचा निबंध उरला, आजी उरली, थांबणेही उरले, पण आजी का थांबत होती ते गेले. जातीशिवाय गावच्या पाण्याची गोष्ट सांगितली की ती निसर्गवर्णन होते. आणि ती ओळ कोणा मनुवाद्याने खोडली नाही. मुलीने स्वतःच्या हाताने खोडली, एका आकड्याला भिऊन. बंडाचा शेवट जोडला असता तर वाचकाला हायसे वाटले असते आणि हे निसटले असते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर होता. कथा आहे, ठीक आहे, पण असे खरोखर होते का? प्रामाणिक लिखाणाला यंत्र यंत्राचे ठरवते, ही मुलीची भीती की वस्तुस्थिती? याचे उत्तर द्यायचे तर हे डिटेक्टर मोजतात काय ते पाहावे लागेल.

डिटेक्टरला लेखक दिसत नाही. वही दिसत नाही, आजीचा फोन ऐकू येत नाही. त्याच्यापुढे फक्त शब्दांची रांग असते. अशा बऱ्याच डिटेक्टरांच्या मुळाशी एकच हिशेब आहे. मागचे शब्द पाहून पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो? चॅटजीपीटीसारखे यंत्र लिहिते तेच मुळी पुढचा संभाव्य शब्द निवडत. म्हणून ज्या मजकुरातला पुढचा शब्द सतत अपेक्षित असतो, तो यंत्राचा असावा असा कयास बांधला जातो. जोडीला वाक्यांची लांबी पाहिली जाते. माणूस एक वाक्य लांब लिहितो, एक तोडून टाकतो. सगळी वाक्ये एका मापाची असली की संशय वाढतो.

आता यातली गोम पाहा. 'अपेक्षित' म्हणजे कोणाला अपेक्षित? आपल्या वस्तीत 'जय' म्हटले की पुढचा शब्द कोणता, हे शेंबडे पोरही सांगेल. दुसऱ्या आळीत त्याच 'जय'पुढे दुसरा शब्द येतो. मजकूर किती अपेक्षित आहे हे त्या मजकुरात लिहिलेले नसते, ते वाचणाऱ्याने आधी काय वाचले आहे यावर ठरते. यंत्राने वाचलेले इंग्रजी प्रामुख्याने इंटरनेटवरचे. त्या इंग्रजीच्या मोजपट्टीने आटपाडीच्या मुलीचे वाक्य मोजले जाते. तिच्याकडे इंग्रजी शब्द कमी आहेत. जे आहेत ते सर्वात जास्त वापरले जाणारे आहेत, कारण पहिले तेच शिकवले जातात. वाक्याची ठेवण एकच येते, कारण चुकू नये म्हणून तीच घोटून घेतलेली आहे. म्हणजे तिचे प्रत्येक पुढचे पाऊल यंत्राला आधीच ठाऊक असते. ज्या मुलाच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी बोलले जाते, तो म्हणी वापरतो, वाक्य मध्येच वळवतो, गंमत करतो. यंत्र चकते आणि म्हणते, हा माणूस आहे.

हा आमचा तर्क नाही, हे तपासलेले आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात डिटेक्टर घेतले आणि त्यांना माणसांनीच लिहिलेले निबंध दिले. अमेरिकन आठवीच्या मुलांचे निबंध जवळजवळ सगळे बरोबर ओळखले गेले. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले तेव्हा सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. ९१ पैकी ८९ निबंधांवर सातांपैकी किमान एका डिटेक्टरने तरी यंत्राचा शिक्का मारला. पुढची गोष्ट तर कथेपेक्षा विचित्र आहे. संशोधकांनी तेच निबंध चॅटजीपीटीला दिले आणि शब्द जरा मातृभाषिकासारखे करायला सांगितले. यंत्राचा हात फिरल्यावर ६१ टक्क्यांचे सुमारे १२ टक्के झाले. म्हणजे स्वतः लिहिले तर यंत्र, आणि यंत्राकडून सजवून घेतले तर माणूस. कथेतल्या मुलीने वर्तमानपत्रातून शब्द उचलले. त्याऐवजी तिने यंत्राकडूनच निबंध सजवून घेतला असता, तर कदाचित पहाटे तीनपर्यंत जागावे लागले नसते.

कंपन्या सांगतात की नंतरच्या आवृत्त्या सुधारल्या आहेत. सुधारल्या असतीलही. पण साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांतल्या पहिल्या पिढीच्या इंग्रजीवर त्या कोणी तपासून दाखवल्या, हे सूचना लावणाऱ्यांना विचारा.

काहीजण म्हणाले, मुलीने मराठीत लिहावे, प्रश्नच मिटेल. निबंध इंग्रजीच्या पेपरचा होता, हे सोडून देऊ. पण बाबासाहेबांचे जवळजवळ सगळे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत, ते का, हे आपण विसरायचे का? आमच्या मुलींनी संशयाच्या भीतीने इंग्रजी सोडावे, हा सल्ला मायेने दिलेला असला तरी परिणाम व्हायचा तोच होतो. भाषेची दारे पुन्हा आतून बंद.

आता आकड्यांकडे येऊ, कारण 'नव्वद टक्के बरोबर असते हो' हे आम्ही प्राध्यापकांच्या तोंडून ऐकले आहे. ओपनएआय या कंपनीने, म्हणजे चॅटजीपीटी ज्यांनी बनवले त्यांनीच, जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर बाजारात आणला. त्यांनीच दिलेला हिशेब असा होता की यंत्राने लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकी २६ तो पकडतो आणि माणसाने लिहिलेल्या शंभरांपैकी ९ चुकून यंत्राचे ठरवतो. ९ टक्के चूक म्हणजे ९१ टक्के बरोबर, असे ऐकायला वाटते. हा हिशेब एका कॉलेजला लावून पाहा. समजा ३०० निबंध आले. त्यातले ६० मुलांनी यंत्राकडून लिहून घेतले, २४० मुलांनी स्वतः लिहिले. ६० चे २६ टक्के म्हणजे सुमारे १६ नक्कल करणारे सापडले. २४० चे ९ टक्के म्हणजे सुमारे २२ निर्दोष सापडले. यादीत नावे ३८, त्यातली २२ खरी लिहिणाऱ्यांची. निम्म्याहून जास्त. आणि ४४ नक्कल करणारे यादीच्या बाहेर, निवांत. हा डिटेक्टर कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून बंद केला. ज्यांनी यंत्र बनवले त्यांनाच स्वतःच्या यंत्राचे लिखाण खात्रीने ओळखता आले नाही.

चुकीचे प्रमाण एक टक्क्यावर आणले तरी प्रश्न संपत नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्नइटिनची ही सोय बंद केली. त्यांचा हिशेब साधा होता. आदल्या वर्षी ७५ हजार पेपर तपासले गेले, एक टक्का म्हणजे साडेसातशे मुलांवर खोटा आळ. टर्नइटिन कंपनी स्वतः सांगते की केवळ या आकड्याच्या आधारावर विद्यार्थ्यावर कारवाई करू नये. आपल्याकडे आकडा तेवढा पोचतो, त्याच्यासोबतची सूचना वाटेत गळते.

इथे कोणी म्हणेल, यंत्राला जात कळत नाही, ते सगळ्यांना सारखे मोजते. बरोबर आहे, यंत्र जात विचारत नाही. ते इंग्रजी मोजते. आणि कोणाच्या वाट्याला कोणते इंग्रजी आले हे या देशात योगायोगाने ठरलेले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये शाळेतली एक आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. यातली बसण्याची जागा सगळ्यांच्या लक्षात राहते. आम्हाला ते ओझे महत्त्वाचे वाटते. भेदभाव शाळेचा, पण त्याचे सामान वाहायचे त्या पोराने. कथेतली मुलगी पांघरुणात बसून जे करते आहे ते याच जातीचे काम आहे. संशय कॉलेजचा आणि तो फेडायची मेहनत तिची. रात्रही तिची, डेटाही तिचा.

आणि ती मेहनत वाया जाणारीच होती. तिने ज्या तीन वेबसाईट पाहिल्या त्यांनी तीन वेगळे आकडे दिले. कॉलेजकडे चौथेच सॉफ्टवेअर असणार. एका ठिकाणचा अकरा टक्के दुसऱ्या ठिकाणी किती होईल, हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय अशा फुकटच्या साईटवर टाकलेला मजकूर पुढे कुठे साठवला जातो याचाही पत्ता नसतो. म्हणजे चाचणी पास होऊनही हातात काही नाही. नऊ गुण मिळाले हा तिचा नशीबवान दिवस होता.

कॉपी पकडणे आणि हे यात एक मूलभूत फरक आहे, तो आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक नियम २०१८ चे आहेत. त्यात प्रबंधातल्या साम्याचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, त्यापुढे चाळीस, साठ आणि साठाच्या वर, तशी शिक्षा वाढते. आमचा या नियमांशी वाद असू शकतो, पण तिथे टक्के म्हणजे सापडलेल्या जुळत्या ओळी. तुमची ही ओळ या पुस्तकातल्या या ओळीशी जुळते, असे समोरासमोर ठेवता येते. विद्यार्थी म्हणू शकतो की हे अवतरण आहे, हे कायद्याचे कलम आहे, हे मी आधी लिहिले होते. एआय चेकच्या टक्क्यामागे असा दुसरा कागद नसतो. अडुसष्ट टक्के म्हणजे अडुसष्ट ओळी कुठून तरी घेतल्या असे नाही. तो एका यंत्राचा अंदाज आहे. आरोप आहे पण पुरावा दाखवता येत नाही, आणि म्हणून खोडताही येत नाही. आम्ही सुरुवातीला दाखल्यांची यादी दिली. जात पडताळणी समितीबद्दल आपल्या सगळ्यांच्या तक्रारी आहेत. पण तिथे निदान आजोबांचा शाळेचा दाखला चालतो, म्हणणे मांडता येते, आदेश लेखी मिळतो आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येते. कथेतल्या कॉलेजात वीस टक्के ओलांडले की थेट शून्य.

हरियाणातल्या एका खाजगी विद्यापीठात एल.एल.एम. करणाऱ्या विद्यार्थ्यावर ही वेळ खरोखर आली. त्याचे उत्तर ८८ टक्के यंत्राचे ठरवून त्याला नापास केले गेले. तो २०२४ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. मग विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे न्यायालयाला सांगितले आणि याचिका निकाली निघाली. म्हणजे टक्का हा पुरावा आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाकडून आलेच नाही. आणि तो स्वतः कायदा शिकलेला माणूस होता, चंदीगडपर्यंत पोचू शकला. आटपाडीच्या मुलीने दहा गुणांच्या निबंधासाठी कुठे जायचे?

आता एक गोष्ट आम्हालाही मान्य केली पाहिजे. मुले यंत्राकडून निबंध लिहून घेतात, आपलीही घेतात, आणि ते वाईट आहे. ज्या समाजाला लिहिण्याचा हक्क लढून मिळाला त्या समाजाच्या पोराने न लिहिता गुण मागावेत हे आम्हाला बघवत नाही. १८५५ मध्ये सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले ते तिच्या भाषेत, आणि त्यात पेशवाईतला अत्याचार नावानिशी आहे. तो निबंध आजही वाचला जातो तो त्यातल्या न काढलेल्या ओळींमुळे. म्हणून नक्कल पकडलीच पाहिजे. पण ज्या साधनाने नक्कल करणारे ४४ सुटतात आणि खरे लिहिणारे २२ अडकतात, ते नक्कल पकडण्याचे साधन नाही.

कथेशी आमचा मतभेद एका जागी आहे. कथेत मुलगी एकटी आहे. तिला वाटते की हे चोरटे काम आपण एकटीच करतो, आणि आपला खरा निबंध तपासून पाहणे हाच जणू गुन्हा आहे. कोणी पाहिले तर म्हणेल, खरे लिहिले होते तर तपासलेस कशाला? सांगलीत कथा संपल्यावर आम्ही विचारले, आणखी कोणी असे करते का? आधी कोणी हात वर केला नाही. मग एक हात वर आला, मग चार, मग खोलीतल्या निम्म्या मुली आणि काही मुलगे. एकाच वसतिगृहातल्या, एकाच मजल्यावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. प्रत्येकीने आपापल्या पांघरुणात हेच केले होते. कथा लिहिणारीने नाव देऊ नका म्हटले ते याचसाठी, की लोक कथेतल्या मुलीच्या जागी तिला बघतील आणि तिच्या पुढच्या प्रत्येक निबंधावर नजर ठेवतील. प्रत्येक जण गुपचूप करतो तोवर ती भीती असते, प्रत्येकाची वेगळी. चार जणांनी एकत्र सांगितले की ती तक्रार होते आणि तिला अर्ज लिहिता येतो.

तो अर्ज आम्ही त्याच दिवशी सांगलीत लिहायला घेतला. त्यातली मागणी मोठी नाही. कोणते सॉफ्टवेअर, कोणती मर्यादा, हे काम देतानाच सूचना फलकावर लावावे, आदल्या दिवशी नव्हे. टक्क्यावरून थेट शून्य देऊ नये. संशय आला तर विद्यार्थ्याला लेखी कळवावे, त्याची कच्ची वही पाहावी आणि दहा मिनिटे समोर बसवून निबंधावर तोंडी प्रश्न विचारावेत. यावर एका प्राध्यापकांनी आम्हाला सुनावले की तीनशे मुलांची तोंडी परीक्षा घ्यायला वेळ कोणाकडे आहे, निम्मी पदे रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे लोक राबतात. त्यांचे दुखणे खरे आहे, आणि पदे भरण्याच्या लढ्यात आम्ही त्यांच्यासोबत आहोत. पण तोंडी प्रश्न तीनशेंना विचारायचे नाहीत. वरच्या हिशेबात ते ३८ जणांना विचारायचे आहेत. दहा मिनिटांप्रमाणे सहा तास वीस मिनिटे होतात. तेवढ्या वेळात २२ मुलांवरचा आळ जातो.

मुलांनाही आमचे सांगणे आहे. कच्ची वही फाडू नका. पहिला खर्डा, खोडाखोड, शब्दकोशातून काढलेल्या अर्थांची यादी, ज्यांना विचारले त्यांची नावे आणि तारीख, हे सगळे जपून ठेवा. मोबाईलवर लिहीत असाल तर आधीच्या आवृत्त्या राहतील अशा ठिकाणी लिहा. आणि आकडा खाली आणण्यासाठी ओळ काढू नका. ओळ ठेवा, आणि आकडा वर आला तर आम्हाला कळवा.

कथेतल्या मॅडमकडे वहीही होती आणि मुलगीही समोर होती. त्यांनी तिला बोलावून एवढेच विचारले असते की तुझी आजी विहिरीच्या कोणत्या बाजूला उभी राहायची, पाणी ओतणारीचे नाव तिला आठवते का, आणि दोराला हात का लावायचा नाही, तर त्या मुलीने मराठीत, मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून सगळे सांगितले असते, आणि पिवळ्या रंगाची ती ओळ निबंधात राहिली असती.